लिंक पाठवली म्हणजे पिन पोचले असं नाही

प्रश्न: फॅमिली ट्रिपसाठी गूगल मॅप्सवर सेव्ह केलेल्या जागा घरातल्या सगळ्यांना सारख्याच कशा दिसतील? आणि दिवसानुसार क्रम लावता येतो का?

ग्रुपवर लिंक टाकून, खाली चार अंगठे आले म्हणजे काम झालं, असं मानणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे तो माझा थोरला भाऊ. ‘माझ्याकडे सगळे पिन आहेत’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या पिनांवरूनच आमच्या एका ट्रिपमधली अख्खी दुपार गेली.

एका धबधब्याला जायचं होतं, दोन गाड्या होत्या. धबधब्याच्या नावाचा पिन नकाशावर असतो तो पाण्याच्या धारेवर. तिथवर रस्ता नसतो, म्हणून मॅप्स आपल्याला त्या बिंदूच्या जवळ पडणाऱ्या रस्त्यावर आणून सोडतं. आमच्या धबधब्याला तो रस्ता नदीच्या पलीकडच्या काठाने जाणारा होता. पायवाट आणि गाड्या लावायची जागा अलीकडे. मी हे आदल्या आठवड्यात सॅटेलाइट दृश्यात बघून ठेवलं होतं. पार्किंगच्या मोकळ्या जागेवर बोट दाबून धरलं, पिन टाकला, तो आमच्या सामायिक यादीत सेव्ह केला आणि नावाचा पिन यादीतून काढून टाकला. असा हाताने टाकलेला पिन यादीत नुसत्या आकड्यांनी किंवा अर्धवट पत्त्याने दिसतो, म्हणून त्याखाली टीप लिहिली: ‘धबधबा. गाडी इथेच लावायची. नावाने शोधू नका.’

दादाची गाडी तरीही पलीकडच्या काठावर. मधे नदी, पूल बराच मागे, आणि आई त्याच्या गाडीत. फोनवर तो ठामपणे सांगत होता, ‘अरे, तुझ्या यादीतलाच पिन लावलाय.’ संध्याकाळी त्याचा फोन हातात घेऊन पाहिला. त्याने माझी लिंक एकदा उघडली होती, त्यात दिसलेल्या जागा नावाने शोधून स्वतःच्या खात्यात एकेक स्टार केल्या होत्या, आणि लिंक बंद केली होती. म्हणजे त्याच्याकडे होती ती त्या दिवशीची नक्कल. मी नंतर काय बदललं ते तिथे पोचायचा प्रश्नच नव्हता.

तुमच्याकडे प्रत्येकाला वेगळे पिन दिसत असतील तर बहुधा हेच झालंय. लिंक उघडली की पिन दिसतात, पण यादी उघडी असेपर्यंतच. प्रत्येकाने आपापल्या खात्याने साइन इन करून त्या यादीवर `Follow` दाबलं पाहिजे, तेव्हा ती त्याच्या सेव्ह केलेल्या याद्यांत बसते आणि तुमचे बदल त्याला दिसतात. एका फोनवर ऑफिसचं आणि घरचं अशी दोन खाती असली तर एका खात्यात फॉलो करून दुसऱ्यात पिन शोधत बसणारे लोक मी पाहिलेत. यादी नकाशावर लपवायचीही सोय असते, तेही तपासा. आणि जागेला दिलेलं लेबल फक्त तुम्हालाच दिसतं. इतरांना सांगायचं असेल ते टिपेतच लिहा.

खात्री करायची असेल तर ‘दिसतंय का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. यादीत एक टीप बदला आणि प्रत्येकाला, ग्रुपवरची लिंक न उघडता, ती मॅप्समधून वाचून दाखवायला सांगा. ज्याला जुनी टीप दिसते किंवा दिसतच नाही, त्याचा फोन घेऊन बसा.

बदल करायची परवानगी सगळ्यांना देऊ नये, हे माझं स्पष्ट मत. दादा म्हणतो, यात हुकूमशाही आहे. पण एडिटची लिंक ज्याच्याकडे जाते तो जागा घालू शकतो तशी काढूही शकतो, आणि नावाचा पिन ‘राहिलाय वाटतं’ म्हणून परत घालणारा तोच असतो. यादी एकाने सांभाळावी, बाकीच्यांनी जागा सुचवाव्यात. जिथे नुसतं नाव शोधून चालतं, अशा म्युझियमसारख्या ठिकाणी हा सगळा खटाटोप नको, हेही कबूल.

क्रमाचं म्हणाल तर मी टिपेच्या सुरुवातीलाच ‘दिवस २, सकाळी’ असं लिहितो, तेवढ्यावर भागतं. मुक्कामाचा पत्ता यादीत असेल तर लिंक घरच्यांपलीकडे जाऊ देऊ नका, कारण लिंक मिळालेला कोणीही यादी बघू शकतो. आणि नेट न मिळणाऱ्या भागात जाणार असाल तर निघायच्या आदल्या रात्रीनंतर यादीला हात लावू नका. ऑफलाइन नकाशा उतरवलेला असला तरी नेट नसलेल्या फोनवर तुमचा नवा बदल पोचणार नाही, मग तो ग्रुपवर लिहून नाही, फोन करूनच सांगावा लागतो.