मान्य आहे, पण काय मान्य आहे?

विश्रामबाग, सांगली

चि. पोरी,

काल रात्री पाठवलेला तुझा मसुदा वाचला. "थँक यू सर, ऑफर मान्य आहे." एवढंच. त्याखाली तुझी घालमेल: फोनवर एचआरवाले पोस्टिंग चाकणला म्हणाले, पत्रात मात्र "भारतात कुठेही" असं आहे. आता विचारलं तर ऑफर हातची जाईल का?

विचारल्यानं सहसा जात नाही. आणि एका साध्या प्रश्नावर जाणार असेल, तर तिथं काय होणार होतं ते आधीच कळलं असं समज. जे मान्य करायचं ते आधी स्वतःच्या हातानं लिहून काढ. कूपवाड एमआयडीसीत पर्सनल खात्यात बसून मी पोरांना हेच सांगत आलो.

1991 साली मलाही असंच पत्र आलं होतं, पोस्टानं. मुलाखतीत मिरज म्हणाले होते, पत्रात "कंपनी सांगेल तिथे". मी पोस्टकार्डावर "नेमणूक मान्य आहे, आभारी आहे" लिहून टाकलं. रुजू झालो त्याच दिवशी गुजरातच्या युनिटचं तिकीट हातात दिलं. वडिलांना अर्धांगवायू झालेला, घरी आई एकटी. मी साहेबांना मिरजेच्या बोलण्याची आठवण करून दिली. त्यांनी फाईल उघडली, माझंच पोस्टकार्ड टेबलावर ठेवलं आणि काही बोलले नाहीत. वडील गेले तेव्हा मी तिकडेच होतो. लोक मला चिकट म्हणतात, म्हणू देत. त्या कार्डावर एक ओळ जास्त लिहिली असती तर निदान भांडायला कागद असता.

म्हणून तुझे दोन मेल होतील, एक नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 7 प्रमाणे स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. "मान्य आहे, पण चाकणच हवं" असं लिहिलंस तर तो स्वीकार राहत नाही, तुझा नवा प्रस्ताव होतो. आज फक्त विचार: "सुरुवातीची नेमणूक चाकणला असेल, असं फोनवर कळलं होतं. कृपया लेखी कळवावे." बदलीचं कलम ते काढणार नाहीत, बहुतेक पत्रांत ते असतंच. पण पहिलं ठिकाण लेखी येईल.

पगाराचंही तसंच. 4,20,000 ला 12 नी भागून तू घरी 35,000 सांगितलेस. अगं, तो सीटीसी आहे, कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा सगळा खर्च! तुझ्याच पत्रातला तक्ता बघ. 42,000 व्हेरिएबल, ते वर्षाअखेरी कामगिरीवर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिन्याला 1,800, म्हणजे वर्षाला 21,600. बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी ग्रॅच्युइटी 10,101, तीही हातात येत नाही. उरले 3,46,299, महिन्याला साधारण 28,858. त्यातून तुझा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा कर. हातात 26,850 च्या आसपास. हे आकडे समोर ठेवून पुण्याचं घरभाडं परवडतं का ते आईवडिलांशी आज बोल, रुजू झाल्यावर नको.

उत्तर आलं की दुसरा मेल, त्याच मेलला रिप्लाय ऑल करून, विषयाची ओळ न बदलता:

"आपल्या अमुक तारखेच्या पत्रानुसार ज्युनिअर क्वालिटी इंजिनिअर हे पद मी स्वीकारत आहे. वार्षिक सीटीसी रु. 4,20,000, त्यात व्हेरिएबल रु. 42,000, प्रोबेशन 6 महिने, रुजू होण्याची तारीख पत्राप्रमाणे, आणि आपल्या अमुक तारखेच्या मेलप्रमाणे सुरुवातीची नेमणूक चाकण. सही केलेली प्रत सोबत जोडली आहे."

आकडे पत्रातून बघून लिही, आठवणीतून नको. इंग्रजीत करताना शब्द साधेच ठेव.

त्याखाली रुजू होण्याबद्दल विचार: मूळ कागद दाखवायचे की झेरॉक्स चालेल, मेडिकल कुठे आणि खर्च कोणाचा, पहिल्या दिवशी किती वाजता कोणाला भेटायचं. पीएफचा यूएएन नंबर आहे तोच कळव, नवीन काढू नकोस. रिलीव्हिंग लेटरचा प्रश्न मात्र नीट विचार, कारण पोरं तिथंच अडकतात. सध्याची कंपनी ते शेवटच्या दिवशी किंवा त्यानंतर देते, आणि नवीन कंपनी पहिल्याच दिवशी मागते. तोवर राजीनामा स्वीकारल्याचा मेल चालेल का, हे आत्ताच लेखी घे. तुझा नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे. रुजू होण्याची तारीख त्यात बसत नसेल तर तेही पहिल्याच मेलमध्ये विचार, स्वीकारल्यानंतर तारीख मागू नकोस.

पहिला मेल आज संध्याकाळपर्यंत लिहून मला पाठव, पण पत्रावरची स्वीकाराची शेवटची तारीख आधी बघ. राजीनामा मात्र अजून देऊ नकोस. चाकणचं उत्तर लेखी येऊ दे.

तुझा,
काका