‘बऱ्या झाल्यात’ म्हणजे नक्की कशा झाल्यात?

प्रश्न : लग्नानंतर पहिल्यांदाच सासरी पुरणपोळ्या केल्या. मामेसासूबाई जेवून म्हणाल्या, “बऱ्या झाल्यात.” मला ते फार लागलं. नवरा म्हणतो, बरं म्हणजे चांगलंच, शब्दकोश उघडून बघ. आमच्यात बरोबर कोण?

शब्दकोशापुरतं बोलायचं तर तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. पण पानावर बसलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर तुम्हाला जे वाटलं, तेही मराठीला धरूनच आहे.

‘बरा’ हा मुळात चांगल्याच अर्थाचा शब्द. त्याच्याच कुळातला ‘बरवा’ जुन्या मराठीत सुंदर या अर्थाने येतो. आजही “बरं झालं आलात” म्हणताना आपण मनापासून आनंदच दाखवतो आणि ‘बरंवाईट’ या जोडशब्दात बरं हे सरळ वाईटाच्या समोर उभं असतं. तिथे पायऱ्या दोनच आहेत, त्यामुळे वाईट नाही ते बरं. आजारी माणूस ‘बरा झाला’ म्हणजे पूर्ण सुधारला. त्याच्या वर काही नाही.

स्वयंपाकाला, गाण्याला, अक्षराला, स्थळाला दाद देताना मात्र पायऱ्या वाढतात. तिथे वाईट आणि बरं यांच्या पुढे चांगलं आहे, छान आहे, उत्तम आहे. ‘चांगलं’ शेजारी येऊन बसलं की ‘बरं’ आपोआप खाली सरकतं आणि ‘चालण्यासारखं’ एवढाच अर्थ उरतो. शब्द तोच, त्याची किंमत शेजाऱ्यांवर ठरते.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट घडली आहे. नव्या सुनेने पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळीला आपल्याकडे ‘छान’ हा शब्द जवळजवळ ठरलेला असतो. पोळी जाड झाली, पुरण कडेपर्यंत पोचलं नाही, एखादी तव्यावर फुटली, तरी पाहुणा छानच म्हणतो. म्हणजे त्या पंगतीत छान ही शाबासकी नव्हेच, ती जमीन आहे. मामेसासूबाई जमिनीच्याही खालचा शब्द बोलल्या. त्यांनी निंदा केली नाही, जेवढं देणं होतं त्याहून कमी दिलं. उरलेला हिशेब तुम्ही केलात : छान म्हणायला यांना काय अडचण होती?

घाव खोल जातो तो इथे. “पुरणात गूळ कमी पडला” असं त्या म्हणाल्या असत्या, तर ते वाक्य त्यांचं राहिलं असतं. तुम्ही “पुढच्या वेळी बघते” म्हटलं असतं, किंवा मनात “यांनाच गोड जास्त लागतं” म्हणून सोडून दिलं असतं. कमी बोललेल्या वाक्यात दोष सांगितलेलाच नसतो. तो ऐकणारा स्वतः शोधतो, आणि शोधताना गूळ, वेलची, कणीक, लाटणं, भाजणं असं सगळं तपासून बसतो. एका दोषाऐवजी पाच दिसतात आणि ते पाचही स्वतःच्याच तोंडचे असतात. शिवाय भांडायला जागा नाही. विचारायला जावं तर उत्तर तयार असतं : “अगं, बऱ्याच म्हटलं की मी!”

इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी याच युक्तीचं एक उदाहरण दिलं आहे. हार्वर्डला १९६७ साली दिलेल्या व्याख्यानांपैकी जे १९७५ मध्ये छापून आलं, त्यात ते आहे. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल त्याचे गुरुजी पत्रात एवढंच लिहितात की, त्याचं इंग्रजी उत्तम आहे आणि वर्गातली हजेरी नियमित आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि दोन्ही कौतुकाच्या. तरी वाचणाऱ्याला कळतं की मुलाला तत्त्वज्ञान येत नाही. ग्राइस यांचं म्हणणं असं की, समोरचा आपल्याला लागेल तेवढी माहिती देईल असं आपण गृहीत धरून ऐकत असतो. ती दिली नाही, तर न देण्यालाच अर्थ येतो.

आमच्या घरी हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. मावसभावाने नातेवाइकांसमोर तासभर गाऊन दाखवलं. गाण्यातले जाणकार म्हणून एका वयस्कर गृहस्थांना मुद्दाम बोलावलं होतं. ते उठताना भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “पेटी छान सुरात होती.” आवाज शांत, चेहरा नेहमीचा. पेटी वाजवणारा खूश झाला. भाऊ त्या रात्री जेवला नाही. ते हसले असते किंवा ‘पेटी’वर जोर दिला असता, तर तो टोमणा म्हणून ओळखू आला असता आणि चार लोकांनी भावाची बाजूही घेतली असती.

याला न्यूनोक्ती म्हणावं. अतिशयोक्तीच्या उलटं टोक. उपरोधाशी तिची गल्लत करू नये. “वा, काय सुरेख पोळ्या!” असं वातड पोळीला म्हणणं हा उपरोध, त्यात शब्द खोटे असतात. न्यूनोक्तीत प्रत्येक शब्द खरा असतो, म्हणूनच तो परत घ्यावा लागत नाही.

छोटे शब्दही इथे बरंच काम करतात. “बऱ्या झाल्यात की!” यातल्या ‘की’मुळे सुखद आश्चर्य येतं, बिघडतील असं वाटलं होतं, हे त्यात कबूल होतं, पण सूर कौतुकाचा राहतो. “तशा बऱ्या झाल्यात” यातला ‘तशा’ मात्र पायरी आणखी खाली नेतो, कारण कशाच्या तरी तुलनेत, कशाला तरी सूट देऊन, असं त्यात ऐकू येतं. “बऱ्या झाल्यात, फक्त जरा जाड आहेत” म्हटलं की डंख संपतो. कारण सांगितल्याबरोबर ती साधी सूचना होते.

आता निकाल देण्याआधी एक चौकशी करा : मामेसासूबाई कुठल्या? मालवणीत आणि गोव्याच्या कोंकणीत हा शब्द खाली सरकलेलाच नाही. तिथे ‘बरें’ म्हणजे पुरतं चांगलं. गोव्यात आभार मानताना “देव बरें करूं” म्हणतात, तेव्हा देवाने चालण्यासारखं करावं असं कुणाच्या मनात नसतं. त्या बाजूला वाढलेली बाई “बऱ्या झाल्यात” म्हणाली, तर ती दादच आहे, आणि तुम्ही ऐकलेला टोमणा तुमच्या मराठीतला आहे, तिच्या नव्हे.

त्या देशावरच्या असल्या, तर पुढच्या खेपेला साधेपणाने विचारून बघा, “मामी, काय कमी पडलं?” त्यांनी “गूळ थोडा वाढव” असं काही सांगितलं, तर त्या मोजून बोलणाऱ्या आहेत आणि त्यांच्या शब्दावर विसंबायला हरकत नाही. “काही नाही गं, बऱ्या झाल्यात” असं पुन्हा आलं, तर तुमचा कान बरोबर होता. आणि त्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली होती का, हेही आठवून बघा.