नळीने फीड चालू असताना जुलाब लागले तर आधी काय तपासायचं

प्रश्न: स्ट्रोकनंतर सासऱ्यांना नाकातल्या नळीने फीड चालू आहे. मध्ये न्यूमोनिया झाला म्हणून अ‍ॅडमिट होते, घरी आणल्यापासून रोज 5-6 वेळा पातळ जुलाब. फॉर्म्युला सूट होत नाहीये का, बदलू का? की एक-दोन दिवस फीड बंदच ठेवू?

उत्तर:

फॉर्म्युला लगेच बदलू नका आणि फीडही आपल्या मनाने बंद करू नका. मी डायटिशियन आहे, ट्यूब फीडचे पेशंट रोजच बघते, आणि जुलाब लागले की घरच्यांचं बोट पहिल्यांदा डब्याकडे जातं हे ठरलेलं आहे. आजकालच्या बहुतेक तयार फॉर्म्युल्यांमध्ये लॅक्टोज नसतं, आणि साध्या फॉर्म्युल्याची घनताही पोटाला झेपेल अशीच ठेवलेली असते. त्यामुळे तोच फॉर्म्युला हॉस्पिटलमध्ये नीट चालत होता आणि घरी आल्यावर बिघडलं असेल तर डबा सोडून बाकी काय बदललं ते आधी बघायचं.

एक गोष्ट आधी सांगते, नळीवरच्या माणसाची शी तशीही मऊ, पेस्टसारखी असते, दिवसातून एक-दोनदा तशी झाली तर त्याला जुलाब म्हणत नाहीत. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखी, डायपरमध्ये पसरणारी होत असेल तर ते जुलाब, म्हणजे तुमचं वर्णन त्यात बसतंय. ताप, शीमध्ये रक्त, फुगलेलं कडक पोट, लघवी एकदम कमी किंवा गडद, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल तरी सोडियम, पोटॅशियम एकदा तपासून घ्यायला सांगा, इतक्या जुलाबात ते बिघडू शकतं. नळीतून ओआरएस किती द्यायचं तेही त्यांनाच विचारा, कारण हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचा हिशोब वेगळा असतो.

आता मुख्य संशयित, म्हणजे औषधं. नळी असली की गोळ्यांऐवजी सिरप लिहून देतात, द्यायला सोपं म्हणून, आणि त्या सिरपमध्ये, विशेषतः शुगर फ्री सिरपमध्ये, गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं. हे आतड्यात नीट शोषलं जात नाही, तिथेच राहून पाणी ओढून घेतं आणि ते पाणी खाली उतरतं. दिवसभरात 10 ग्रॅमच्या वर गेलं की गॅस, पोट फुगणं सुरू होतं आणि 20 ग्रॅमच्या आसपास चक्क जुलाब. गंमत अशी की हे सॉर्बिटॉल औषध म्हणून मोजलंच जात नाही, लेबलवर इतर घटकांच्या बारीक अक्षरात असतं आणि प्रमाण तर बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, ते फार्मासिस्टकडून किंवा कंपनीला विचारून काढावं लागतं.

एक केस सांगते, तुमच्यासारखीच, स्ट्रोक आणि त्यावर छातीचं इन्फेक्शन. घरच्यांनी तोवर फॉर्म्युला दोनदा बदलून बघितला होता, फरक शून्य. मी म्हटलं डबा बाजूला ठेवा, दिवसभरात नळीतून जे जे जातं ते सगळं टेबलावर मांडा. पॅरासिटामॉल सिरप 15 मिली, दिवसातून चार वेळा, म्हणजे 60 मिली. त्या ब्रँडमध्ये 5 मिलीत दीड ग्रॅम सॉर्बिटॉल निघालं, म्हणजे दिवसाचे 18 ग्रॅम एकट्या तापाच्या औषधातून, आणि तेही ताप उतरून गेल्यावर, कारण कागदावर 'चालू' लिहिलं होतं. खोकल्याचं सिरप 10 मिली तीन वेळा, त्यात 5 मिलीला 1 ग्रॅम, म्हणजे अजून 6. झाले 24 ग्रॅम. आणि वर कहर म्हणजे हॉस्पिटलमध्ये बद्धकोष्ठ झालं होतं तेव्हा सुरू केलेलं लॅक्ट्युलोज रोज रात्री इमानेइतबारे चालूच होतं! जुलाब लागलेल्या माणसाला जुलाबाचं औषध, आणि कुणाच्याच लक्षात नाही कारण डिस्चार्जच्या कागदावर ते आठव्या ओळीत होतं.

डॉक्टरांशी बोलून लॅक्ट्युलोज थांबवलं, खोकल्याचं सिरप तसंही लागत नव्हतं, पॅरासिटामॉल गरज पडली तरच आणि तेही गोळी कुटून पाण्यात विरघळवून. फॉर्म्युला तोच, मिली तेवढेच. दोन-तीन दिवसांत शी दिवसातून दोनदा आणि घट्टसर व्हायला लागली. तर तुम्हीही असंच करा, सगळ्या बाटल्या आणि पट्ट्या समोर घेऊन प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा, कधीपासून सुरू आणि दिवसाला एकूण किती. शेजारी जुलाब कधी सुरू झाले ती तारीख. त्या तारखेच्या आधीच्या काही दिवसांत काय नवीन आलं किंवा कशाचा डोस वाढला ते बघितलं की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. सॉर्बिटॉलशिवाय पोटॅशियमचं सिरप, मॅग्नेशियम असलेलं अँटासिड, मेटफॉर्मिन, उलटी होऊ नये म्हणून दिलेलं मेटोक्लोप्रमाइड, हेही जुलाब करू शकतात. घट्ट सिरप नळीत टाकण्याआधी पाण्यात पातळ केलं तर पोटाला जरा सोसतं, पण पाणी घातल्याने आतलं सॉर्बिटॉल काही कमी होत नाही हे लक्षात ठेवा. आणि स्वतःहून कुठलंही औषध बंद करू नका किंवा गोळी कुटू नका, हळूहळू सुटणाऱ्या आणि वरून खास कोटिंग असलेल्या गोळ्या कुटल्या तर सगळा डोस एकदम जातो किंवा औषध वाया जातं. कुठली कुटायची आणि कुठली नाही ते फार्मासिस्ट सांगेल.

आता तुमच्या केसमध्ये दुसरी शंका तितकीच मोठी आहे. न्यूमोनिया होता म्हणजे अँटिबायोटिक झालंच असणार. त्याने आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि साधे जुलाब लागू शकतात, ते कोर्स संपल्यावर थांबतात. पण कधीकधी त्या रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू वाढतो आणि त्याचं विष आतड्याला सूज आणतं. कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांनीही हे होऊ शकतं, आणि ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर धोका थोडा वाढतो. ताप, पोटात दुखणं, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, ही चिन्हं असतात, पण स्ट्रोकचा पेशंट 'पोटात दुखतंय' असं सांगू शकेलच असं नाही, म्हणून पोट दाबल्यावर चेहऱ्यावर काय दिसतं ते बघा. डॉक्टरांना शीची टॉक्सिन टेस्ट करायची का म्हणून स्पष्ट विचारा, आणि लॅक्ट्युलोजसारखं काही चालू असेल तर तेही त्याच वेळी सांगा, कारण आधी ते थांबवूनही जुलाब राहतात का हे बघणं टेस्टचा अर्थ लावायला महत्त्वाचं असतं. हे नाही असं कळेपर्यंत जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी देऊ नका, घाण आतच अडकून आतडं फुगू शकतं. डायपर बदलल्यावर हात साबण-पाण्याने धुवा, सॅनिटायझरने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत.

अजून एक फसवा प्रकार आहे. आधी चार-पाच दिवस शी झालीच नव्हती आणि मग एकदम थोडं थोडं पाणी गळायला लागलं, असं होतं का ते आठवा. तसं असेल तर आत घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतं. बाहेरून हुबेहूब जुलाब दिसतात, पण उपाय बरोबर उलटा. डॉक्टरांनी किंवा नर्सने बोटाने तपासलं की लगेच कळतं, आणि अंथरुणाला खिळलेल्या वयस्कर माणसात हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये असं माझं मत.

मग फीड देता कसं ते बघा. घाईच्या वेळी सिरिंजचा दट्ट्या दाबून 300 मिली पाच मिनिटांत ढकललं जातं, तसं नको. दट्ट्या काढून सिरिंज उभी धरायची आणि फीड आपोआप उतरू द्यायचं, 250 मिलीला 20-30 मिनिटं, डोकं 30 ते 45 अंश वर. समजा 300 मिली पाच वेळा देत असाल तर तेच दीड लिटर 215 मिलीच्या आसपास सात वेळा करून बघा, दिवसाचा एकूण आकडा तोच राहतो. नाकाशी नळीवर जी खूण आहे ती जागेवर आहे का तेही बघा, नळी आत सरकून टोक जठराच्या पुढे लहान आतड्यात गेलं असेल तर तिथे एकदम ओतलेलं फीड झेपत नाही आणि जुलाब होतात. खूण हलली असेल तर नळी स्वतः ओढू-ढकलू नका, पुढचं फीड देण्याआधी टोक कुठे आहे ते तपासून घ्या.

स्वच्छता तर बघाच. पावडर कालवलेलं फीड बाहेर 4 तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, जास्तीचं लगेच झाकून फ्रिजमध्ये आणि 24 तासांच्या आत संपवायचं, देण्याआधी थंडपणा जाऊ द्यायचा. बॅगेत उरलेल्या फीडवर नवीन ओतायचं नाही, हा प्रकार मी फार बघते. बॅग आणि सेट रोज नवीन.

एवढं सगळं होऊनही फरक नाही, तर मग फॉर्म्युला. त्यातही आधी डब्यावरचं प्रमाण वाचा, चमचे जास्त आणि पाणी कमी पडलं की फीड दाट होऊन तेच आतड्यात पाणी ओढतं. पण म्हणून मुद्दाम पातळही करू नका, पूर्वी ती पद्धत होती, त्याने जुलाब थांबत नाहीत, पोषण मात्र कमी पडतं. घरी दूध किंवा दुधाची पावडर मिसळत असाल तर ते थांबवून बघा. त्यानंतर विरघळणाऱ्या फायबरचा फॉर्म्युला हा पहिला पर्याय, आणि शी तेलकट, चिकट, फार घाण वासाची असेल तर पचनाचाच प्रश्न असू शकतो, तेव्हा पेप्टाइडवाला फॉर्म्युला लागतो, पण तो महाग असतो आणि डॉक्टरांनी कारण शोधल्यावरच घ्यावा. फायबर म्हणून इसबगोल मात्र नळीतून घालू नका, ते फुगून नळीच बंद पडते.