काल्पनिक राज्यातील नावे एका गावची वाटावीत म्हणून

«माझ्या कादंबरीतील डोंगरी राज्यासाठी मी चाळीस नावे रचली आहेत: झ्राथूर, इलमिरा, खोळंद, वायनेश अशी. मित्र म्हणतात की नावे छान आहेत, पण ही माणसे एकमेकांची भाषा बोलत असतील असे वाटत नाही. काय चुकले आहे?»

आपल्या नावांना वर्तमान आहे, पण भूतकाळ नाही. मी कराडचा असल्यामुळे गावाचेच उदाहरण देतो. जुन्या लेखांतील ‘करहाटक’ बोलता बोलता झिजले, दोन स्वरांमधला ट मऊ होऊन त्याचा ड झाला, शेवटचा क गळाला आणि कऱ्हाड उरले. पुढे ह देखील गेला आणि पाटीवर ‘कराड’ आले. मात्र ‘कऱ्हाडे’ या नावात तो ह अजून टिकून आहे. एकाच शब्दाचे तीन थर एकाच गावात ऐकू येतात, आणि कोणी न सांगताही ऐकणाऱ्याला गाव जुने असल्याचे कळते. असे थर नावांत आणायचे असतील, तर आजची नावे थेट रचू नयेत. आधी जुनी नावे रचावीत आणि मग ती नियमाने झिजवावीत.

मी माझ्या लेखनात तीन नियम ठेवले. पहिला असा की दोन स्वरांमध्ये आलेल्या क आणि त यांचे ग आणि द होतात. दुसरा नियम जतकडच्या कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून उचलला, कारण जुन्या कन्नडातील ‘पालु’, म्हणजे दूध, आज ‘हालु’ झाले आहे: शब्दाच्या आरंभीचा प बदलून ह होतो. तिसरा, शेवटचा स्वर गळतो. मूळ शब्दही मोजकेच घेतले: ‘मोतु’ म्हणजे खडक, ‘मारा’ म्हणजे गड, ‘रेना’ म्हणजे लेक, आणि पाण्यासाठी ‘पाको’.

इथे मी फसलो. पाण्याच्या लेकीचे ‘पाकोरेना’ हे नाव नियमांतून काढल्यावर ‘हागोरेन’ झाले. ते मोठ्याने वाचून दाखवताच घरातील मंडळी का हसली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. अशा वेळी नियमाला अपवाद करण्याचा मोह होतो, पण एक अपवाद केला की बाकीची नावे सैल पडतात. म्हणून मूळ शब्दच बदलावा. मी पाण्याला ‘पेतो’ केले. पेतोरेनाची हेदोरेन झाली, पेतोमारा गडाचा हेदोमार झाला आणि मोतुरेनाची मोदुरेन. वहीत जुन्या आणि नव्या रूपांचे दोन रकाने करून प्रत्येक नाव याच वाटेने न्यावे, आणि नवे रूप एकदा तरी मोठ्याने उच्चारावे.

आता यातून कथेला काय मिळते ते पाहा. गावातील मुलीला सगळे हेदोरेन म्हणतात, पण मंदिराच्या शिलालेखावर ‘पेतोरेना’ कोरलेले आहे आणि पुजाऱ्यांच्या घरांत तेच रूप आजही मुद्दाम ठेवतात, जसे आपण शेतात राबतो आणि तीर्थाला मात्र ‘क्षेत्र’ म्हणतो. एकाच नावाच्या दोन रूपांवरून कोण कोणत्या घरातले हे वाचकाला कळते. मात्र दोन्ही रूपे एकाच प्रकरणात जवळजवळ यायला हवीत, नाही तर नाते ध्यानात येत नाही. नियमही तीनच पुरेत, कारण त्यापुढे झीज इतकी होते की आजी आणि नात ओळखू येत नाहीत.

काम साधले की नाही हे तपासण्यासाठी मी दोन राज्यांची दहा नावे चिठ्ठ्यांवर लिहून एका मित्राला त्यांचे दोन ढीग करायला सांगितले. त्याने आठ बरोबर लावली; ज्या दोन चुकल्या, त्या मी नियम न लावता केवळ कानाला गोड म्हणून ठेवलेल्या होत्या.

आपल्या यादीत इलमिरा आणि वायनेश वेगळ्या भाषांतून आल्यासारखी वाटतात, म्हणून त्यांतील एकच ठेवावे. खोळंदमधील ळ छान आहे, पण मग तो इतर नावांतही अधूनमधून दिसला पाहिजे. आरंभी मात्र तो आणू नका, कारण मराठीत ळने शब्द सुरू होत नाही आणि वाचक तिथेच अडखळतो. झ्राथूर काढून टाकू नका. त्याला परमुलखातला व्यापारी करा. माझ्या डोंगरी भाषेसारखीच तुमच्या भाषेतही झ्र आणि थ नसतील, तर गावकरी त्याला ‘रातूर’ म्हणतील. ‘रादूर’ म्हणणार नाहीत, कारण तो आला तेव्हा त चा द होण्याचा काळ सरला होता.