गावात एकच टीव्ही आणि रामायणात दोन राम

प्रश्न: पूर्वी गावात अँटेना सारखा का फिरवावा लागायचा? आणि घरातले मोठे लोक पहिल्या मालिकांबद्दल बोलताना चित्रापेक्षा आवाजच जास्त का आठवतात?

माझं गाव सिन्नरच्या पुढे, नाशिकपासून पस्तीसेक किलोमीटरवर. पुढे मी नाशिकरोडला टीव्ही दुरुस्तीत उभं आयुष्य घालवलं, त्यामुळे तेव्हा न कळलेल्या गोष्टी नंतर कळल्या.

ग्रामपंचायतीचा टीव्ही लाकडी पेटीतला, दारं सरकवायची, 20 इंची, ब्लॅक अँड व्हाइट. किल्ली कोतवालाकडे. नाशिकचं केंद्र कमी ताकदीचं. अशी केंद्रं 100 वॅटची असत आणि चांगलं चित्र साधारण 25 किलोमीटरपर्यंत मिळे. म्हणजे आम्ही कुंपणाबाहेरचे. म्हणून पडद्यावर कायम मुंग्या.

पण आवाज स्वच्छ यायचा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. त्या काळच्या प्रक्षेपणात चित्र एएम पद्धतीनं, म्हणजे लहरीची ताकद कमीजास्त करून यायचं आणि आवाज एफएमनं, म्हणजे लहरीची वारंवारता बदलून. सिग्नल क्षीण झाला की एएममधला खरखराट थेट चित्रावर उमटतो, एफएमचा आवाज मात्र बराच वेळ टिकून राहतो. त्यात शंभर-दीडशे माणसं अंगणात. पुढच्या पोरांना पडदा, मागच्यांना पुढच्यांची डोकी. माझी आजी 'हम लोग' ऐकायची, बघायची नाही. भाग संपताना अशोककुमार येऊन बोलायचे, ते तिला चेहऱ्यानं माहीतच नव्हते. 'तो शेवटी समजावून सांगणारा बाबा' एवढीच ओळख.

जाता जाता एक सांगतो. मुंबई दूरदर्शन 1972 पासून होतं, पण मध्ये सह्याद्री. गावातल्या एका बागाईतदारानं चाळीस फुटी पाइपावर मुंबईसाठी अँटेना चढवला होता. मुंबईचा चॅनल 4, लहर पावणेपाच मीटरच्या आसपास, म्हणून आडवी काडी जवळजवळ अडीच मीटरची. दिसायला भारी, पण चित्र यायचं वर्षातून चार-दोन रात्री. आणि आमच्याकडची लहान केंद्रं सुरुवातीला उपग्रहावरून दिल्लीचेच कार्यक्रम पुढे पाठवत. त्यामुळे मुंबई-पुण्याचे लोक 'चिमणराव'च्या आठवणी सांगतात, तेव्हा आमच्या वयाची गावाकडची माणसं गप्प बसतात.

आता अँटेनाचं. 25 जानेवारी 1987 ला 'रामायण' सुरू झालं. दर रविवारी सकाळी पटांगण भरायचं, चपला बाहेर, कुणी टीव्हीला हार घालायचं. काही आठवड्यांनी एका वादळानंतर पडद्यावर दोन राम दिसू लागले. एक ठळक, एक त्याच्या उजवीकडे फिकट. म्हाताऱ्यांनी नमस्कार दोघांनाही केला. मी गच्चीवर, खालून आरडाओरडा.

"आलं का?"

"नाही रे! अजून फिरव!"

"आता?"

"थांब थांब... गेलं! दोन्ही गेले!"

दुसरं चित्र उजवीकडे असलं, म्हणजे तोच सिग्नल कुठेतरी आपटून उशिरा पोचतोय. किती उशिरा, ते पट्टीनं मोजता येतं. 20 इंची पडद्याची रुंदी साधारण 40 सेंटिमीटर, आणि तेवढी एक ओळ 52 मायक्रोसेकंदात काढली जाते. आमचा फिकट राम 2 सेंटिमीटर सरकलेला होता, म्हणजे 2.6 मायक्रोसेकंद उशीर. लहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. म्हणजे तिनं पावणेआठशे मीटर जास्तीची वाट कापली. नाशिककडे तोंड करून उभं राहिलं की आमच्या पाठीमागे डोंगर. जाणं-येणं धरलं तर अंतर चारशे मीटरच्या आत. बरोबर तिथेच ती टेकडी होती, शेळ्या चरायच्या तिथली.

मग अँटेना फिरवून काय होणार? दोष दिशेत नव्हताच. अँटेनाची सगळ्यात मागची आणि सगळ्यात लांब काडी, रिफ्लेक्टर, पाठीमागून येणारा सिग्नल अडवते. वादळात तीच तुटून पत्र्यावर पडली होती. कोतवालनानांनी ती उचलून बायकोला वाल वाळत घालायला दिली होती. हे कळायला तीन रविवार गेले. सिन्नरहून आलेल्या मेकॅनिकनं वर बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मागची दांडी कुठंय?" त्यानं अॅल्युमिनियमची नळी त्याच मापानं कापून बसवली आणि दुसरा राम जवळजवळ पुसला गेला. मुंग्या राहिल्या. त्या अंतरामुळे होत्या, त्यांना बूस्टरनंही फारसा फरक पडला नाही. बूस्टर सिग्नलबरोबर खरखराटही वाढवतो.

नानांच्या बायकोनं मात्र तक्रार केली, की आता वाल कशावर वाळवू.