बीटी कपाशीचा पेपर आणि दोन्ही बाजूंचा एक कागद

प्रिय भाऊ,

तुझा मेसेज मिळाला आणि तो पीडीएफ पण. विषय आहे ‘बीटी कपाशीने कापूस उत्पादक शेतकऱ्याचं भलं केलं’, पेपर इंग्रजी, ग्राफ आणि तळटीपांनी गच्च, आणि तू विचारतोय की याचा सारांश कसा काढू. सारांश काढूच नको. सारांश म्हणजे पेपरवाल्याला काय म्हणायचंय ते, आणि तुला वादविवाद स्पर्धेत हवंय वेगळंच, त्याच्या म्हणण्यातलं काय अनुकूल बाजूला कामाचं आहे, काय प्रतिकूलला, आणि समोरचा ते कसं पाडेल. युवारंग युवक महोत्सवाला काय किंवा दुसऱ्या स्पर्धेला काय, कॉलेजचे दोघं जातात, एक अनुकूल बोलतो एक प्रतिकूल, म्हणून कागद एकच पण दोन्ही बाजूंचा करायचा.

आधी विषयाचं वाक्य घे, पेपर बाजूला ठेव. ‘भलं’ म्हणजे काय? एकरी उत्पादन वाढलं ते भलं, का हातात पैसा जास्त राहिला ते, का फवारणी कमी झाली ते? आणि कधीचं भलं, 2002 ला या बोंडअळी मारणाऱ्या जनुकाच्या बियाण्याला परवानगी मिळाली तेव्हापासून आजपर्यंतचं, का सुरुवातीच्या पाच-सहा वर्षांचं? हे दोन प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिही. हा अख्खा वाद या दोन प्रश्नांवरच फिरतो, बाकी सगळं त्याखाली येतं.

आता पेपर. तू पाठवलेला क्रांती आणि स्टोन यांचा, 2020 चा, ‘नेचर प्लांट्स’ या संशोधन पत्रिकेतला. पहिल्या पानापासून सरळ वाचत बसू नको, डोळे मिटतील. शेवटचा भाग वाच, मग ग्राफ आणि त्यांच्याखालच्या ओळी, मग मधलं. आणि वाचताना पेन्सिलीने तीनच खुणा कर. जिथे लेखक काही ठासून सांगतोय तिथे ‘दा’, म्हणजे दावा. जिथे आकडा किंवा नोंद आहे तिथे ‘पु’, पुरावा. आणि जिथे तो स्वतःच मागे सरकतो, ‘या राज्यात’, ‘या वर्षांपर्यंत’, ‘इतर कारणंही असू शकतात’ असलं काही, तिथे ‘अ’, म्हणजे अट. पोरं दा आणि पु मन लावून करतात आणि अ सोडून देतात. मला विचारशील तर अख्ख्या पेपरमध्ये सगळ्यात कामाची खूण तीच, कारण तुझं खंडन आणि समोरच्याचंही खंडन दोन्ही तिथूनच निघणार आहे.

एक मुद्दा पूर्ण करून दाखवतो, बाकीचे तू कर.

पेपरचा मुख्य दावा साधा आहे. देशातलं कापसाचं उत्पादन 2003 ते 2005 च्या दरम्यान जोरात वर चढलं हे खरं, पण तेव्हा बीटीखालचं क्षेत्र फारच थोडं होतं, 2005 ला सुद्धा ते जेमतेम 15-16 टक्के. मग वाढीचं श्रेय बीटीला कसं देता? लेखकांच्या मते खतांचा वाढता वापर आणि तेव्हा नव्याने आलेली कीटकनाशकं यांचा वाटा त्यात मोठा. हा झाला प्रतिकूलचा पहिला मुद्दा. आता पुराव्याची ओळ कशी लिहायची ते बघ. ‘संशोधन सांगतं की बीटीने उत्पादन वाढलं नाही’ असं लिहिलंस तर ती ओळ कचऱ्यात टाक. ओळ अशी हवी: ‘क्रांती-स्टोन, 2020, देशपातळीवरची आकडेवारी: उत्पादनाची मोठी उडी 2005 च्या आत, बीटी क्षेत्र तेव्हा सुमारे 15-16 टक्के, म्हणून उडीचं मुख्य कारण बीटी नाही.’ कोणी, कधी, कुठलं, कशाशी तुलना, आणि त्यातून किती सिद्ध होतं. आणि त्याच ओळीच्या खाली बारीक अक्षरात ‘काय सिद्ध होत नाही’ हेही लिही: यातून बीटीचा परिणाम शून्य होता असं निघत नाही, फक्त उडीचं श्रेय त्याला देता येत नाही एवढंच निघतं. ही बारीक ओळ परीक्षकाला वाचून दाखवायची नाहीये, ती तुझ्यासाठी आहे, म्हणजे बोलताना तोंडातून एक पाऊल जास्त जाणार नाही.

आता हीच ओळ अनुकूलवाला कुठे धरेल? ‘बीटी क्षेत्र’ या शब्दाला धरेल. सरकारी नोंदीत आहे ते परवानगी मिळालेलं बियाणं, पण 2001 लाच गुजरातमध्ये परवानगी नसलेलं बीटी बियाणं शेतात सापडलं होतं, नवभारत 151 नावाने विकलेलं. म्हणजे खरं क्षेत्र कागदावरच्यापेक्षा जास्त असणार. चांगला हल्ला आहे, खोटा नाही. यावर तुझं उत्तर तयार हवं, आणि ते ‘तसं काही नव्हतं’ असं नसावं, कारण होतं. उत्तर असं की ते प्रकरण मुख्यतः गुजरातचं, आणि या पेपरमध्ये राज्यवार आकडे वेगळे दिलेत, महाराष्ट्रात 2000 नंतर उत्पादन हळूहळू चढतच होतं आणि बीटी पसरल्यावर त्या चढीचा वेग काही बदललेला दिसत नाही. एवढं पुरे. हल्ल्यातलं खरं मान्य करायचं आणि तो किती लांब पोचतो ते दाखवायचं, परीक्षकाला नाकारणारा पोरगा आवडत नाही, मोजून बोलणारा आवडतो.

आता दुसरी बाजू. फक्त या पेपरवर अनुकूलचा कागद भरणार नाही, कारण लेखकांचा कल स्पष्ट आहे, आणि इथेच पोरं फसतात, एकाच पेपरमधून दोन्ही बाजू ओढून काढायला जातात आणि अनुकूल बाजू अशी मरतुकडी होते की खंडनाची गरजच राहत नाही. त्यासाठी विरुद्ध निष्कर्षाचा एक पेपर शेजारी ठेव. कथागे आणि काईम यांचा 2012 चा आहे, ‘पीएनएएस’ या संशोधन पत्रिकेतला. त्यांनी चार राज्यांतली (महाराष्ट्र त्यात आहे) शेतकरी कुटुंबं 2002 ते 2008 पर्यंत परत परत गाठली आणि हिशेब लावला: कीड कमी लागल्यामुळे एकरी उत्पादन 24 टक्क्यांनी जास्त, कापसातला नफा 50 टक्क्यांनी जास्त. ही अनुकूलची सगळ्यात मजबूत ओळ. मजबूत का, तर त्यांनी त्याच त्याच कुटुंबांना वर्षानुवर्षं मोजलं, म्हणून ‘हुशार शेतकऱ्याने आधी बीटी घेतलं, त्याचं पीक तसंही चांगलंच येणार होतं’ हा आक्षेप बराचसा मावळतो. हे कारण ओळीत लिही. नुसता 24 टक्के हा आकडा कोणीही पाठ करून येतो, तो का विश्वासाचा हे सांगणारा लाखात एक.

आणि तिची अट काय? वर्ष. 2008. मोजणी तिथे थांबते. गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी जनुकाला दाद देत नाही हे गुजरातमधून 2010 ला जाहीर झालं, नंतर दोन जनुकांच्या बियाण्यावरही ती आली, आणि 2017 च्या हंगामात आपल्याकडे काय झालं ते तुझ्या घरी विचार, मी सांगायची गरज नाही. तर प्रतिकूलचं खंडन एका वाक्याचं: ‘तुमचा पुरावा जिथे संपतो तिथून शेतकऱ्याचा त्रास सुरू होतो.’ बघ, दोन पेपर एकमेकांना खोटं पाडत नाहीयेत, एक सुरुवातीच्या काळातलं शेत मोजतो, दुसरा वीस वर्षांचा देश मोजतो. माथ्यावर लिहिलेला तो ‘कधीचं भलं’ प्रश्न आता कळला का कशासाठी होता?

अनुकूलकडे यावर उत्तर आहे, आणि ते मला स्वतःला बऱ्यापैकी वजनदार वाटतं. बीटी मुळात आणलं ते अमेरिकन बोंडअळीसाठी, तीच तेव्हा फवारण्या खायची, आणि तिच्यावर ते अजून बऱ्यापैकी चालतं. गुलाबी अळी सरावली ती बियाण्याच्या भोवती पाळायच्या गोष्टी पाळल्या नाहीत म्हणून: 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधी सरकी यायची, ती शेताच्या कडेने लावायची होती, म्हणजे अळीला बीटी नसलेली झाडं मिळतील आणि सरावलेल्या अळ्यांची पैदास हळू होईल, पण किती जणांनी लावली? वर फरदड, म्हणजे जानेवारीनंतरही कपाशी उभी ठेवायची, अळीला बारा महिने जेवण. प्रतिकूलवाला लगेच म्हणेल की जे तंत्र लहान शेतकऱ्याला पाळता येत नाही ते त्याचं भलं कसं करेल. इथे थांब. दावा, खंडन, खंडनाला उत्तर, तीन पायऱ्या झाल्या की पुढे जाऊ नको, चौथी पायरी व्यासपीठावर वेळेत बसत नाही आणि कागद नुसता काळा होतो.

एकके नीट बघ हां, हे मी दरवर्षी सांगतो. पेपरमध्ये उत्पादन असतं हेक्टरी किलोमध्ये आणि ते रुईचं, सरकी काढलेल्या कापसाचं. आपण बोलतो एकरी क्विंटल आणि ते सरकीसकट. रुई साधारण एक तृतीयांश निघते, म्हणजे हेक्टरी 500 किलो रुई झाली 1500 किलो कापूस, आणि एकरी साधारण 6 क्विंटल. तू व्यासपीठावर ‘500 किलो’ म्हणालास आणि परीक्षक जर चोपडा-यावलकडचा शेती असलेला निघाला, तर तो म्हणेल भो हा कोणत्या शेतात गेला होता. कागदावर दोन्ही लिही, बोलताना क्विंटल बोल.

एक गोष्ट कागदावर घेऊ नको, शेतकरी आत्महत्या. दोन्ही बाजूंच्या पोरांना मोह होतो, टाळ्या मिळतात. पण या दोन पेपरपैकी एकानेही त्याचं कारण मोजलेलं नाही, तू ते जोडलंस की समोरचा ‘पुरावा?’ एवढंच विचारेल आणि तुझे बाकीचे चांगले मुद्देही त्यासोबत जातील.

तपासायची एक रीत आहे. कागद झाला की तुझ्या जोडीदाराला फक्त पुराव्याच्या ओळी वाचून दाखव, मुद्दा सांगू नको, आणि त्याला प्रत्येक ओळीवर एकच विचारायला सांग, ‘कशाच्या तुलनेत?’ क्रांती-स्टोन म्हणतात कीटकनाशकावरचा खर्च 2018 पर्यंत जास्त झाला, ठीक, कशाच्या तुलनेत, तर बीटी येण्याआधीच्या. चाललं. ज्या ओळीवर तुला उत्तर देता येत नाही ती एकतर पेपरमध्ये परत शोध नाहीतर खोड. आणि खोडताना जीव दुखू देऊ नको, प्रत्येक बाजूला तीन ओळी राहिल्या तरी भाषण होतं, मी तर म्हणतो तिनाच्या वर नकोच.

प्रतिकूलचा भाग आधी लिही, तो या पेपरमधून लवकर निघेल. मग दुसरा पेपर शोधून अनुकूल. शनिवारपर्यंत दोन्हींचे फोटो काढून पाठव, फोटो सरळ काढ, मागच्या वेळी अर्धं पान कापलं गेलं होतं तुझं.

तुझा,
सर

ता. क. नावं लिहून ठेव नीट, ‘एका परदेशी संशोधनानुसार’ असं बोलू नको. क्रांती हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक होते, ‘परदेशी’ म्हणालास तर समोरचा तिथेच धरेल.