कुकरच्या पोटावरच्या रेघा

"सर, मी आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओळखीच्या एका भांडी कारखान्याने माहितीपुस्तिकेसाठी प्रेशर कुकरचा फोटो देऊन रेषाचित्र मागितलं. मी फोटोवर गिरवून दिलं. आतल्या कडाही तुटक रेषांनी दाखवल्या. तरी 'फार गिचमिड झालंय' म्हणून परत आलं. कुठे चुकलं? आणि अशी कामं मिळतात का?"

फोटो आणि तुझं चित्र शेजारी ठेवून पाहिलं. कुकरच्या पोटावर तू तीन उभ्या रेघा ओढल्या आहेस. तिथे कडा नाहीच, ते खिडकीचं प्रतिबिंब आहे. स्टीलवर हा घोळ नेहमी होतो. ओळखायला सोपं आहे: मोबाईल वीतभर सरकवून दुसरा फोटो काढ. भांड्यावरची जागा सोडून रेघ सरकली तर ते प्रतिबिंब, तिथेच राहिली तर कडा.

पोट तळाकडे वळतं तिथेही तू ठळक रेघ दिली आहेस. तिथे धातू गोलाईने वळतो, धारदार कडा नाही. अशा जागी बारीक रेघ काढावी आणि दोन्ही टोकांना बाह्यरेषेला टेकण्याआधीच थांबवावी. बाह्यरेषा 0.5 मिमी आणि आतल्या कडा 0.25 मिमी ठेवल्यास, छाया न देताही आकार उठून येतो.

फोटो जवळून, वरून घेतलेला आहे, म्हणून कुकर तळाकडे निमुळता दिसतो, आणि तू तोच निमुळतेपणा गिरवलास. दोन-तीन मीटर मागे जाऊन झूम करून फोटो घेतला की बाजू जवळजवळ समांतर येतात. तोंडाचा लंबवर्तुळ काढताना त्याचा आखूड अक्ष भांड्याच्या मध्यरेषेवरच पडला पाहिजे. तुझा किंचित कलला आहे, त्यामुळे झाकण घसरल्यासारखं वाटतं.

आता तुटक रेषा. वर्कशॉपच्या ड्रॉइंगमध्ये त्या लागतात, कारण आतला आकार कारागिराला त्यावरून कळतो. पुस्तिका वाचणाऱ्याला फक्त रिंग कुठे बसते ते कळायला हवं. झाकणाची आतली खाच, हँडलमागचे स्क्रू, तळाची जाडी असं सगळं तू एकाच चित्रात दाखवलंस, म्हणून गिचमिड झालं. मी असतो तर मुख्य चित्रातली एकही लपलेली कडा ठेवली नसती. बाजूला झाकण उलटं ठेवून छोटं चित्र काढलं असतं. तिथे खाच आणि रिंग उघडी दिसतात, तुटक रेषेची गरजच उरत नाही. तुटक रेष तिथेच ठेव, जिथे वस्तू उलटून किंवा उघडून दाखवता येत नाही.

कामाचं म्हणशील तर पुस्तिका, सुट्या भागांचे कॅटलॉग, डिझाइन नोंदणीचे आणि पेटंटचे अर्ज, सगळीकडे अशी चित्रं लागतात. काम मागायला जाताना हाच कुकर ने: मूळ फोटो, परत आलेलं चित्र आणि सुधारलेलं चित्र, तिन्ही एकाच पानावर.